फाईल चुकून डिलीट झाली तर किती वेळात आणि कोणाला सांगायचं?

प्रश्न: आमचं सांगलीत कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे, एकूण नऊ जण. सगळ्यांच्या फाईल्स एका मुख्य कॉम्प्युटरवर असतात आणि बाकीच्यांना तो फोल्डर Z: ड्राइव्ह म्हणून दिसतो. रोज रात्री साडेनऊला त्याची बाहेरच्या हार्डडिस्कवर आपोआप कॉपी होते. काही शीट्स गुगल ड्राइव्हवर आहेत. मागच्या सोमवारी दुपारी चारला एका शिकाऊ मुलाच्या हातून एका क्लायंटचा अख्खा फोल्डर डिलीट झाला. तो घाबरून गप्प बसला, गुरुवारी सांगितलं. तोवर कॉपीतही काही नव्हतं. आता साहेबांनी मला नोटीस लावायला सांगितली आहे. त्यात ‘न कळवल्यास पाचशे रुपये दंड’ लिही म्हणतात. किती वेळात कळवा असं लिहू? आणि कोणाला, साहेबांना की कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला?
— एक वाचक

उत्तर: वेळेची मर्यादा मनाने ठरवू नका. ती तुमच्या रात्रीच्या कॉपीनेच ठरवून ठेवली आहे. गुरुवारी कॉपीत काही मिळालं नाही, यावरून तुमची कॉपी ‘आरसा’ पद्धतीची असावी. मुख्य कॉम्प्युटरवर टास्क शेड्युलर उघडा, रात्री साडेनऊचं काम शोधा आणि त्यातली आज्ञा वाचा. ती बहुधा अशी असेल:

```
robocopy D:\Office E:\Backup /MIR
```

यातला `/MIR` मूळ फोल्डर आणि कॉपी अगदी एकसारखे करतो. नवीन फाईल कॉपीत टाकतो, आणि मूळ फोल्डरमधून गेलेली फाईल कॉपीतूनही काढून टाकतो. म्हणजे सोमवारी चार वाजता फोल्डर गेला तेव्हा रविवार रात्रीची कॉपी हार्डडिस्कवर शाबूत होती. साडेनऊला तीही गेली. त्या मुलाने साडेचारला सांगितलं असतं तर कॉपीतून फोल्डर परत आणायला पाच-दहा मिनिटं लागली असती आणि नुकसान झालं असतं ते फक्त सोमवारी दुपारपर्यंत केलेल्या कामाचं. साडेनऊनंतर सांगितलं असतं, तर मंगळवार काय आणि गुरुवार काय, फारसा फरक उरला नसता.

मग नोटिशीत ‘रात्री साडेनऊपूर्वी कळवा’ एवढंच लिहिलं तर चालेल का? नाही. कारण दुसरं घड्याळ याहून घाईचं आहे.

Z: ड्राइव्हवरून, म्हणजे नेटवर्कवरून, डिलीट केलेली फाईल कुठल्याच रिसायकल बिनमध्ये जात नाही. डिलीट करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरच्याही नाही आणि मुख्य कॉम्प्युटरवरच्याही नाही. विंडोज त्या वेळी ‘कायमची काढायची का’ असं विचारतो, पण रोज दहा वेळा ‘हो’ म्हणणारा माणूस तो प्रश्न वाचत नाही. फक्त मुख्य कॉम्प्युटरवर बसूनच कुणी फाईल काढली तर ती त्याच्या रिसायकल बिनमध्ये सापडते, तीही शिफ्ट दाबून काढली नसेल तरच. म्हणून कळवणाऱ्याला पहिला प्रश्न ‘कुठल्या कॉम्प्युटरवरून?’ हा विचारायचा. (फाईल्स नेटवर्कवर ठेवण्यासाठी नॅस नावाचा वेगळा डबा असलेल्या ऑफिसांमध्ये नेटवर्कची वेगळी कचरापेटी चालू करता येते. तुमच्याकडे तो नाही, म्हणून सोडून देऊ.)

दुसरं म्हणजे डिस्क. साध्या हार्डडिस्कवर डिलीट झालेल्या फाईलचा मजकूर लगेच पुसला जात नाही. ती जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते आणि तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर उरतो. तुमच्याकडे उरलेले आठ जण त्याच ड्राइव्हवर दर काही मिनिटांनी काहीतरी सेव्ह करत असतात. त्यातलं कुठलं सेव्ह नेमकं त्या जागेवर बसेल, कुणी सांगू शकत नाही. मुख्य कॉम्प्युटरमध्ये एसएसडी असेल तर परिस्थिती आणखी वाईट, कारण तिथे विंडोज रिकाम्या झालेल्या जागेची माहिती डिस्कला देतो आणि डिस्क ती जागा आपणहून साफ करते. त्यानंतर दुरुस्तीवाल्याचं कुठलंही सॉफ्टवेअर काही शोधू शकत नाही. म्हणून Z: ड्राइव्हसाठी मर्यादा दहा मिनिटांची ठेवा. त्यातली पाच मिनिटं स्वतः शोधायला, उरलेली सांगायला.

ती पाच मिनिटं द्यावीत असं आमचं मत आहे, कारण ‘फाईल गेली’ अशा हाकेत पुष्कळदा फाईल गेलेली नसते, सरकलेली असते. माउस ओढताना फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये पडतो. त्याच क्षणी, त्याच खिडकीत Ctrl+Z दाबलं तर तो परत येतो. नाही आला तर Z: ड्राइव्हच्या शोधपेटीत फोल्डरचं नाव टाकून बघावं. मात्र नेटवर्कवरून खरंच डिलीट झालेलं Ctrl+Z ने परत येत नाही, त्यामुळे एकदा दाबून काही झालं नाही तर दाबत बसू नये. आणखी एक खूण लक्षात ठेवा. फोल्डर गेला पण आत एक-दोन एक्सेल फाईल्स तशाच राहिल्या, असं दिसलं तर तो सरकलेला नसून डिलीटच झाला आहे, असं धरून चाला. त्या फाईल्स कुणीतरी उघडून बसलेलं असतं, म्हणून विंडोजने त्या काढल्या नाहीत.

आता ‘कोणाला’. साहेबांना नको आणि दुरुस्तीवाल्यालाही नको. साहेब आयकर कार्यालयात असतात किंवा क्लायंटसोबत. दुरुस्तीवाला फोन उचलतो आणि ‘उद्या येतो’ म्हणतो. कळवायचं ते अशा माणसाला, ज्याला तीन गोष्टी लगेच करता येतात: मुख्य कॉम्प्युटरचा ॲडमिन पासवर्ड टाकणं, रात्रीच्या कॉपीचं काम थांबवणं आणि बाकी सगळ्यांना ‘Z: वर सेव्ह करू नका’ असं सांगून ते पाळायला लावणं. तुमच्या ऑफिसात हे बहुधा तुम्हीच असाल. नोटिशीत पदाचं नाव नको, माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर हवा. त्याखाली दुसऱ्या माणसाचं, कारण तुम्ही रजेवर असाल त्याच दिवशी कुणाच्या तरी हातून फाईल जाणार. साहेबांना दिवसाअखेर सांगायचं काम तुमचं, त्या मुलाचं नाही.

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला संदेश म्हणजे कळवणं नव्हे, हे नोटिशीत स्पष्ट लिहा. ग्रुपवर कुणीतरी वाचेल असं प्रत्येकाला वाटतं, आणि तोवर बाकीचे सेव्ह करत राहतात. जागेवर येऊन सांगायचं किंवा फोन करायचा. लिहून ठेवायचं ते नंतर.

दोघंही सापडले नाहीत तर? यासाठी शिकाऊ मुलालाही करता येईल अशी एकच कृती ठरवून ठेवा: बाहेरच्या हार्डडिस्कची यूएसबी वायर काढायची. डिस्कच नसेल तर साडेनऊची कॉपी तिच्यावर जाऊ शकत नाही आणि आदल्या रात्रीची कॉपी वाचते. दुपारी कॉपी चालू नसते, त्यामुळे वायर काढल्याने काही बिघडत नाही. डिस्कवरचा दिवा भराभर लुकलुकत असेल तेवढ्यापुरतं थांबावं. वायरला आजच एक रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे गडबडीत कुणी प्रिंटरची वायर काढणार नाही.

गुगल ड्राइव्हचं गणित वेगळं आहे. तिथे डिलीट झालेली फाईल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, पण ती फाईलच्या मालकाच्या ट्रॅशमध्ये. मालक म्हणजे ऑफिसचे मालक नव्हेत, तर ज्याच्या खात्यातून ती शीट बनली तो. तुमच्यासारख्या ऑफिसांत निम्म्या शीट्स कुणा शिकाऊ मुलाच्या खाजगी जीमेलवर बनलेल्या निघतात. मालकाने स्वतः फाईल काढली तर ट्रॅशमधून ती तोच परत आणू शकतो. मालक नसलेल्या माणसाने सामायिक फोल्डरमधून ती काढली तर ती डिलीट होतच नाही, फक्त फोल्डरमधून नाहीशी होते आणि मालकाकडे राहते. मालकाने ड्राइव्हच्या शोधपेटीत हे टाकलं की ती सापडते:

```
is:unorganized owner:me
```

म्हणजे ड्राइव्हसाठी ‘कोणाला’ याचं उत्तर दोन माणसं: तुम्ही आणि त्या शीटचा मालक. मर्यादा त्याच दिवशी ऑफिस सुटण्यापूर्वीची ठेवा. ३० दिवस हातात असताना एवढी घाई कशाला, असं कुणी विचारेल. कारण दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच नावाची नवी शीट बनवतो, दोघं-तिघं तीत भरायला लागतात, आणि आठवड्याने जुनी परत आणली की अर्धी माहिती एकीत, अर्धी दुसरीत. ते निस्तरणं फाईल परत आणण्याहून कितीतरी कटकटीचं. कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं ॲप बसवलेलं असेल तर त्या फोल्डरमधून काढलेली फाईल ऑनलाइनही जाते आणि सगळ्यांकडूनच नाहीशी होते, हेही सांगून ठेवा. ‘मी फक्त माझ्या कॉम्प्युटरवरून काढली’ हा गैरसमज फार आढळतो.

चुकून जुन्या फाईलवर नवी सेव्ह होणं हाही डिलीटचाच भाऊ. Z: वर त्यासाठी नियम तोच, दहा मिनिटांचा. गुगल शीट असेल तर ‘व्हर्जन हिस्ट्री’त जुनी आवृत्ती मिळते. पण ड्राइव्हवर ठेवलेल्या पीडीएफ किंवा एक्सेलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्या की निघून जाऊ शकतात.

दंडाची ओळ काढा. साहेबांना कारण सरळ सांगा: पाचशे रुपयांची नोटीस लागली की पुढच्या वेळी शिकाऊ मुलगा आधी इंटरनेटवरून फुकटचं ‘रिकव्हरी’ सॉफ्टवेअर उतरवेल, ते मुख्य कॉम्प्युटरवर बसवेल, आणि ते बसवतानाच हरवलेल्या मजकुराच्या जागेवर लिहिलं जाईल. तुमच्याकडे तीन दिवस गेले ते भीतीपोटीच. कारवाईचा उल्लेख हवाच असेल तर तो डिलीट करण्याशी नव्हे, लपवण्याशी जोडा. आणि नोटिशीखाली सही साहेबांची घ्या. ‘बोलणी बसणार नाहीत’ हे तुमच्या सहीने लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

नोटिशीचा मसुदा असा करा. मोठ्या अक्षरात एका ए-फोर पानावर मावला पाहिजे:

> सूचना: सामायिक फाईल चुकून डिलीट झाल्यास
>
> Z: ड्राइव्हवरची फाईल किंवा फोल्डर गेल्यास, सरकल्यास किंवा त्यावर दुसरी फाईल सेव्ह झाल्यास १० मिनिटांत कळवा. आधी एकदा Ctrl+Z दाबा आणि नावाने शोधा. ५ मिनिटांत सापडलं नाही तर शोधणं थांबवा.
>
> गुगल ड्राइव्हवरची फाईल गेल्यास त्याच दिवशी ऑफिस सुटण्यापूर्वी कळवा. शीटच्या मालकालाही सांगा. त्याच नावाची नवी शीट बनवू नका.
>
> कोणाला: ____________ (मोबाईल ____________). ते नसल्यास ____________ (मोबाईल ____________). जागेवर येऊन किंवा फोनवर सांगा. व्हॉट्सॲप संदेश म्हणजे कळवणं नव्हे.
>
> दोघंही न भेटल्यास: मुख्य कॉम्प्युटरजवळच्या हार्डडिस्कची लाल पट्टीची वायर काढा आणि फोन लागेपर्यंत करत राहा.
>
> काय सांगायचं: फाईलचं नाव आणि कुठल्या फोल्डरमध्ये होती, अंदाजे वेळ, कुठल्या कॉम्प्युटरवरून, त्यानंतर काय केलंत.
>
> तोपर्यंत: कुणीही Z: वर सेव्ह करू नये. मुख्य कॉम्प्युटर रीस्टार्ट करू नये. कुठलंही सॉफ्टवेअर बसवू नये. कुठलाही ट्रॅश रिकामा करू नये.
>
> दुसऱ्याच्या हातून गेलेली किंवा जुनी फाईल आज गायब दिसली तरी कळवा. उशीर झाला असला तरी कळवा.
>
> वेळेत कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही. लपवल्यास किंवा ट्रॅश मुद्दाम रिकामा केल्यास मात्र होईल.
>
> असंख्य फाईल्सची नावं एकदम बदललेली दिसल्यास किंवा पैसे मागणारा संदेश दिसल्यास: आपल्या कॉम्प्युटरची नेटवर्क वायर काढा, वायफाय बंद करा, हार्डडिस्कची वायर काढा आणि लगेच फोन करा.
>
> (मालकांची सही व दिनांक)

शेवटच्या परिच्छेदाला कारण आहे. तो प्रकार चुकून झालेला नसून हल्ल्याचा असतो, आणि तिथे कळवण्याची साखळी ऑफिसबाहेर जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवायची असते (incident@cert-in.org.in). ते काम साहेबांचं, पण त्यांचे सहा तास तुमच्या फोनवर अवलंबून असतात. साध्या चुकीच्या डिलीटसाठी मात्र तिथे कळवायचं नसतं.

नोटीस लावण्याआधी एक दुरुस्ती करून घ्या, नाहीतर सगळा भार त्या दहा मिनिटांवर राहील. एकाच कॉपीऐवजी वारानुसार सात कॉप्या ठेवा. टास्क शेड्युलरमधलं जुनं काम काढून टाकायचं, नाहीतर त्याचा `/MIR` या सातही कॉप्या पुसेल, आणि सात नवी कामं लावायची, सोमवारचं असं:

```
robocopy D:\Office E:\Backup\Mon /MIR
```

मंगळवारचं `Tue` मध्ये, याप्रमाणे. आता `/MIR` फक्त त्या वाराचा फोल्डर बदलतो. सोमवारी चारला फोल्डर गेला तर `Sun` मधली कॉपी पुढच्या रविवार रात्रीपर्यंत सुरक्षित राहते. गुरुवारी कळलं असतं तरी तो परत मिळाला असता. जागा सातपट लागते: ऑफिसचा डेटा ४० जीबी असेल तर २८० जीबी, म्हणजे १ टीबीची डिस्क पुरेशी. हे झालं तरी नोटिशीतली दहा मिनिटं बदलू नका. त्या दिवशी सकाळपासून केलेलं काम कुठल्याच कॉपीत नसतं, ते वाचलं तर डिस्कवरूनच.

तुमच्या गेलेल्या फोल्डरचं काय? मुख्य कॉम्प्युटरवर त्याच्या वरच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ हा भाग उघडून बघा. त्या ड्राइव्हसाठी सिस्टीम प्रोटेक्शन चालू असेल तर तिथे जुनी प्रत मिळू शकते. तिथे रिकामं असेल तर पुन्हा जमवायला लागा: भरलेली विवरणपत्रं आणि वार्षिक माहिती पत्रक आयकर पोर्टलवरून, जीएसटीची विवरणपत्रं जीएसटी पोर्टलवरून, बँकेचे उतारे क्लायंटकडून, आणि बाकी बरंचसं त्याला पाठवलेल्या ईमेलच्या जोडपत्रांमध्ये. हाताने बनवलेली एक्सेलची टिपणं तेवढी गेली समजा. क्लायंटला मात्र आजच कळवा. विवरणपत्राच्या आदल्या दिवशी उतारे मागितले तर त्याला ते आवडणार नाही.

नोटीस लावली की त्याच आठवड्यात एकदा चाचणी घ्या. Z: वर ‘चाचणी’ नावाचा फोल्डर करा, आत दोन-चार फाईल्स टाका, एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी त्या शिकाऊ मुलाला तो स्वतःच्या कॉम्प्युटरवरून डिलीट करायला सांगा. मग त्याने नोटिशीप्रमाणे कळवायचं आणि तुम्ही आदल्या रात्रीच्या कॉपीतून परत आणायचं. कॉपी करताना गेलेला फोल्डरच तेवढा आणा. अख्खा `Sun` किंवा `Mon` उचलून Z: वर टाकला तर बाकीच्यांचं आजचं काम कालच्या प्रतीखाली जाईल. चाचणीत दुसऱ्या माणसाला ॲडमिन पासवर्ड माहीत नाही असं निघालं, तर त्याचं नाव नोटिशीवर तेव्हाच बदला. आणि पुढे कधी रात्रीच्या कॉपीची वेळ किंवा पद्धत बदलली, तर त्याच दिवशी नोटीसही नव्याने छापा.